तुझा पत्ता कोणता?

मोरेश्वर माणूस म्हणून वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. वय बेचाळीस, मूळचा विदर्भातला, सांता क्लारात एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कुणाला एअरपोर्टवर सोडायचंय, कुणाचा सोफा दुसऱ्या मजल्यावर चढवायचाय, कुणाच्या आईला डॉक्टरकडे न्यायचंय, की पहिला फोन मोरेश्वरला. तो यायचा, वेळेवर यायचा, घाम गाळायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. पण त्याला कशातही धरून ठेवायचं म्हटलं की संपलं. मराठी मंडळात तो वर्षानुवर्षं खुर्च्या मांडत आला होता, पण सभासद काही झाला नाही. दर गणपतीला बाहेरच्या पाहुण्यांचं तिकीट काढून आत यायचा आणि आतल्यांपेक्षा जास्त राबायचा. 'आजीव सभासद होऊन टाक ना,' असं कुणी म्हटलं की हसून म्हणायचा, बघू. मराठी माणसाच्या 'बघू'चा अर्थ काय असतो, ते तुम्हाला मी काय सांगणार!

घराचंही तेच. एका बेडरूमचं भाड्याचं अपार्टमेंट, आणि तेही महिन्याच्या करारावर. वर्षाचा करार केला तर भाडं कमी पडतं हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण वर्षाला सही करायची म्हटली की त्याचा हात जड व्हायचा. भिंतीला एक खिळा नाही. पलंग नाही, गादी जमिनीवर. विचारलं तर म्हणायचा, ग्रीन कार्डचं काही खरं नाही यार, उद्या परत जायला लागलं तर कोण उचलत बसणार. ही सबब अशी पक्की होती की कुणी पुढे बोलायचंच नाही, कारण अर्ध्या लोकांची तीच रड. मग दोन वर्षांपूर्वी कार्ड आलं. सबब गेली आणि गादी तिथेच राहिली.

आणि ह्या सगळ्यात नंदा होती. नंदाचा जन्म न्यू जर्सीचा. आईवडील साताऱ्याहून येऊन वेस्ट विंडसरला स्थायिक झालेले. ती फ्रीमाँटला फिजिओथेरपिस्ट. मराठी बोलायची ते थोडं अडखळत, पण जे बोलायची ते सरळ. चार वर्षं दोघं एकत्र होती, म्हणजे शनिवार-रविवार एकत्र होती. सोमवारी सकाळी मोरेश्वर आपली पाठपिशवी उचलून सांता क्लाराला परतायचा. त्याचा टूथब्रशसुद्धा त्याच्याबरोबर परतायचा. नंदाने त्यावरून कधी भांडण काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिने ते काढायला हवं होतं.

मग नंदाने फ्रीमाँटात एक टाउनहाउस पक्कं केलं. तीन बेडरूम, मागे हातरुमालाएवढं अंगण. एके संध्याकाळी जेवता जेवता तिने त्याला शांतपणे विचारलं: कागदावर एक नाव घालायचं की दोन? एजंटला रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. लग्नाचं मी विचारत नाहीये, ती म्हणाली, पैशाचंही नाही, कर्ज माझं मी घेतेय. तू माझ्याबरोबर राहणार आहेस की नाही, एवढंच विचारतेय. आणि नाव एकच असेल, तर मोरेश्वर, आपण इथेच थांबू. मला अजून चार वर्षं शनिवारची वाट बघायची नाहीये.

मोरेश्वर म्हणाला, "बघू."

नंदाने ताट उचललं आणि आत गेली. त्या दिवसापासून मोरेश्वरची झोप उडाली. तिच्यावर प्रेम होतं, यात त्याला तसूभरही शंका नव्हती. ती गेली तर आपलं काय होईल हा विचार त्याला सोडत नव्हता. आणि 'दोन नावं' म्हणायला तोंड उघडलं की घशात काहीतरी यायचं आणि शब्द आतल्या आत विरून जायचा. हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. अशाच अवस्थेत शुक्रवारी त्याने अहिल्याकाकूंना फोन केला.

अहिल्याकाकू म्हणजे मंडळातलं जुनं खोड. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लॅबमधल्या एका मैत्रिणीकडून त्या टॅरोचे पत्ते वाचायला शिकल्या. मंडळात त्यावरून कुजबुज चालायची, कुणी त्यांना चेटकीणकाकू म्हणायचं. काकूंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याची मजाच वाटायची. मोरेश्वरने पत्त्यांना आयुष्यात हात लावला नव्हता, रमीलासुद्धा. पण बुडत्याला काडीचा आधार, तसं झालं होतं त्याचं. शनिवारी दुपारी तो त्यांच्या डायनिंग टेबलाशी जाऊन बसला आणि बसल्या बसल्या म्हणाला, काकू, खरं सांगतो, माझा ह्याच्यावर विश्वास नाही.

"माझाही नाही," काकू म्हणाल्या. "पत्त्याला काय कळतंय? कागद आहे तो. चित्र बघून तू जे बोलशील ना, त्याच्यावर माझा विश्वास आहे."

भविष्य वगैरे आपण सांगत नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. अठ्ठ्याहत्तर चित्रं आहेत, माणसाच्या मनाच्या अठ्ठ्याहत्तर तऱ्हा. कुठला पत्ता निघतो हा योगायोग. पण त्यात तुला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा योगायोग नसतो. मग त्यांनी त्याला प्रश्न विचारायला सांगितला. मोरेश्वरने घसा खाकरून विचारलं, नंदाचं आणि माझं टिकेल का? काकूंनी मान हलवली. हा प्रश्न चालणार नाही. एकतर नंदा इथे बसलेली नाही, तिच्या पाठीमागे तिच्या मनात डोकावायचा मला अधिकार नाही. आणि दुसरं, 'टिकेल का' म्हणजे उत्तर पत्त्याने द्यायचं आणि तू हात झटकून मोकळा. दुसरा विचार.

दोन नावं घालू का, त्याने विचारलं. तेही नाही. हो-नाहीचा कौल लावायला गुरवाकडे जा, काकू म्हणाल्या. असं करत करत, तीन-चार वेळा मोडून-जोडून, प्रश्न त्याच्याच तोंडून असा बाहेर आला: बांधून घ्यायची वेळ आली की माझ्या आत काय होतं? म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली गेला. काकूंनी पत्त्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. पिस हवं तेवढं, थांबावंसं वाटलं की थांब.

आता गंमत बघा. मोरेश्वर पिसतोय, पिसतोय, थांबतच नाही. काकू चहा टाकून आल्या, तरी हा पिसतोय. शेवटी त्यालाच लाज वाटली आणि त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. काकूंनी ते पाहून ठेवलं.

गठ्ठ्याचे तीन भाग करून, पुन्हा एकावर एक ठेवून, त्यांनी पाच पत्ते पालथे मांडले आणि प्रत्येक जागेचा अर्थ आधीच सांगून ठेवला, म्हणजे मागाहून सोयीचा अर्थ काढायला नको. मधला पत्ता म्हणजे तू काय करतोस. त्याच्या खालचा, हे तू कुठे शिकलास. डावीकडचा, ह्या सवयीने तुला कशापासून वाचवलं. उजवीकडचा, त्याची काय किंमत दिलीस. आणि वरचा, आता तुझ्यातलं काय पुढे यायला बघतंय.

मधला पत्ता उलटला. प्याल्यांची अठ्ठी. रात्रीची वेळ, वर चंद्र, आणि एक लाल कपड्यातला माणूस काठी घेऊन डोंगराकडे चाललाय. पाठ आपल्याकडे. पुढे आठ प्याले नीट रचून ठेवलेले. काय दिसतं, काकूंनी विचारलं. ट्रेकला चाललाय, मोरेश्वर म्हणाला. आणि प्याले कुणी रचले? त्याने नीट पाहिलं. त्यानेच रचले असतील. सांडलाय का एखादा? नाही. कुणी हाकलतंय त्याला? तेही नाही. मग काकू गप्प बसल्या, आणि गप्प बसलेल्या माणसासमोर मोरेश्वरला बोलावंच लागलं. ऑस्टिनची नोकरी चांगली होती, बढती मिळणार म्हटल्यावर सोडली. मिनिआपोलिसला रुही नावाची मुलगी होती, तिचे आईवडील भेटायला यायचे ठरले त्या महिन्यात त्याने इकडची नोकरी धरली. सगळं रचून झालं की तो निघायचा. आत्तापर्यंत त्याने ह्या गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्या होत्या, प्रत्येकीला वेगळं कारण. एका चित्राखाली सगळ्या ओळीने आल्या तेव्हा त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

खालचा पत्ता तलवारींची छक्की. एक होडी, त्यात पाठमोरी बसलेली बाई, शेजारी लहान मूल, मागे उभा राहून वल्हवणारा माणूस, आणि होडीच्या तळात रोवलेल्या सहा तलवारी. मोरेश्वरने होडीतल्या मुलावर बोट ठेवलं. मग म्हणाला, बाबांच्या बदल्या. वडील वनखात्यात. आज गडचिरोली, उद्या भंडारा, परवा आलापल्ली. आई भांडी पोत्यातून पूर्ण काढायचीच नाही. शाळेत कुणाशी गट्टी जमली की लगेच ट्रक यायचा. पुढे पुढे त्याने गट्टी करणंच सोडलं, म्हणजे ट्रक आला तरी रडू यायचं नाही. काकूंनी एक गोष्ट दाखवली: तलवारी होडीत रुतलेल्या आहेत, उपटल्या तर भोकातून पाणी शिरेल. जे टोचतंय त्यानेच होडी तरंगतेय. पोराने तेव्हा जे केलं ते शहाणपणाचंच होतं, त्या म्हणाल्या, त्याला नावं ठेवू नकोस. मोरेश्वरचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवायला चहाचा कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

डावीकडे तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दगडी बाकावर बसलीय, हात छातीशी आडवे, दोन्ही हातांत तलवारी अगदी सारख्या तोललेल्या, मागे समुद्र. हिला कुणी बांधलेलं नाही, काकू म्हणाल्या, पट्टी तिची तीच सोडू शकते. पण तलवारी खाली ठेवल्याशिवाय हात मोकळा होत नाही. ठरवलंच नाही तर काय वाचतं रे? त्याने थोडा विचार केला. चूक वाचते, म्हणाला. मग आणखी विचार करून म्हणाला, नाही, गमावणं वाचतं. घेतलंच नाही तर जाणार काय.

उजवीकडचा पत्ता उलटला आणि मोरेश्वर पांढराफटक पडला. चार काठ्या उभ्या, वर फुलांची माळ, खाली दोघीजणी हातात गुच्छ घेऊन, मागे घर. सरळ मांडवच. आणि तो पत्ता उलटा आला होता. मांडव खाली डोकं वर पाय. हे अशुभच ना काकू, तो म्हणाला, इंजिनिअरिंग वगैरे सगळं विसरून. काकूंनी त्याला दटावलं. उलटा पत्ता म्हणजे अपशकुन नव्हे. तीच गोष्ट, फक्त बाहेर यायची ती आत कोंडलेली. आणि जागा कोणती आहे बघ, किमतीची आहे. पुढे काय होणार हे तो सांगत नाही, तू आजवर काय मोजलंस ते सांगतोय. हा मांडव तुझ्यात उभा आहे, पण तू त्यात कुणाला शिरू देत नाहीस, स्वतःलाही नाही. घरोघरी सामान वाहतोस, वास्तुशांतीच्या पंक्ती वाढतोस, आणि हात धुऊन बाहेर पडतोस. मोरेश्वरने पत्ता सरळ करायला हात पुढे केला. काकूंनी तो हात हलकेच बाजूला केला. राहू दे. आहे तसा बघ.

वरचा पत्ता नाण्यांचा सरदार. काळा घोडा, वर चिलखतातला माणूस, हातात एक नाणं, मागे नांगरलेलं शेत. इतर तिन्ही सरदारांचे घोडे कुठेतरी चाललेले असतात, काकू म्हणाल्या, ह्या एकाचा चारही पायांवर उभा. मोरेश्वरची निराशा लपेना. एवढं सगळं झाल्यावर काहीतरी भव्य निघेल असं त्याला वाटलं होतं. घोडा हलतच नाहीये, तो कुरकुरला, म्हणजे मी असाच अडकून राहणार? आणि मग म्हणाला, काकू, अजून एक काढू या का? जरा क्लिअर होईल.

काकूंनी गठ्ठ्यावर तळहात ठेवला. जास्तीचा पत्ता काढतात, नाही असं नाही. पण एखादं चित्र कळलंच नाही तर काढतात. कळलंय आणि आवडलं नाही, तेव्हा काढत नाहीत. तू मघाशी पिसताना थांबत नव्हतास, आता मांडणी संपलीय तर तुला सहावा हवाय. सहावा दिला तर सातवा मागशील. तू पत्ते बघत नाहीयेस, पळवाट बघतोयस. हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत, पण सोडलंही नाही. मोरेश्वर खुर्चीत मागे टेकला. त्याला कुणीतरी रंगेहाथ पकडल्यासारखं झालं होतं.

आता शेवटचं विचारते, काकू म्हणाल्या. पाचही जण तुझ्यातलेच आहेत, पण आत्ता, ह्या क्षणी, त्यांतला जो सगळ्यात जवळचा वाटतो तो सांग. आणि त्यांनी विचारलं, "मोरेश्वर, तुझा पत्ता कोणता?"

मोरेश्वर टेबलाकडे बघत होता, मन कुठेतरी हरवलेलं होतं. आणि शाळेतल्या पोराने हजेरी द्यावी तसा तो बोलून गेला, "प्लॉट नंबर बावीस, त्रिमूर्तीनगर, नागपूर."

बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. बाहेर कुणाच्यातरी गराजचं दार कुरकुरत वर गेलं आणि खाली आलं.

आता दुसऱ्या कुठल्याही भाषेत हा घोटाळा झाला नसता. आपल्यातच खेळायच्या कागदाला आणि राहायच्या ठिकाणाला एकच शब्द. कुणी ऐकलं असतं तर हसून लोळला असता. पण काकूंनी फक्त हळू आवाजात विचारलं, तिथे कोण असतं रे?

कुणी नाही, मोरेश्वर म्हणाला. ते घरच नाही आता.

आणि मग जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, नंदालाही नाही, ते बाहेर आलं. बाबांनी निवृत्तीच्या आधी प्लॉट घेतला. आयुष्यभराच्या बदल्यांचं उट्टं काढायचं होतं त्यांना. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं सारखं म्हणायचे, आणि मोरेश्वरकडे बघून डोळे मिचकावायचे, की पहिलं मी करतो, दुसरं तू कर. घर झालं. आईने भांड्यांचं शेवटचं पोतं सोडलं. आईला तसं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. वास्तुशांतीला दोनशे पानं उठली. पुढच्या महिन्यात बाबा सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना पडले, ते उठलेच नाहीत. मोरेश्वर तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. आई त्या घरात काही वर्षं राहिली, मग ताईकडे पुण्याला गेली. घर विकलं, बिल्डरने पाडलं, आता तिथे चार मजली इमारत आहे. आणि कुठलाही फॉर्म आला की कायमच्या पत्त्याच्या रकान्यात मोरेश्वर अजून तेच लिहीत होता. वेगळं काही लिहावं असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही.

"मला वाटायचं मला बांधून घ्यायचीच भीती आहे," तो म्हणाला.

"तू तर बांधलेलाच आहेस," काकू म्हणाल्या. "ज्या घरी कुणी नाही, त्या घराला. चार माणसं बांधून घेत नाहीत इतका घट्ट."

मोरेश्वर रडला. मोठ्याने नाही, पण खांदे हलेपर्यंत. भीती घराची नव्हतीच. शेवटचं पोतं सुटलं की माणूस जातो, हे त्या कॉलेजातल्या पोराने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि नंतर ते तपासून बघायचं राहून गेलं होतं. नंदाचं अंगण त्याने पाहिलं तेव्हा ती तिथे कुंडी कुठे ठेवायची ते सांगत होती. त्याचे हात गार पडले होते, आणि त्याला वाटलं होतं की आपलं प्रेमच कमी आहे.

काकूंनी त्याला रडू दिलं. मग त्याने डोळे पुसून पुन्हा पाची पत्त्यांवर नजर फिरवली. सरदाराच्या घोड्यावर ती थांबली. हा अडकलेला नाहीये, तो म्हणाला, ह्याला लगाम आहे, रान मोकळं आहे, हा कुठेही जाऊ शकतो. हा उभा राहिलाय. काकूंनी मान डोलावली, पण शाबासकी दिली नाही. तू घरात नाव घाल की नको, ते मी सांगणार नाही, त्या म्हणाल्या. आणि आज रडलास म्हणजे भीती गेली असंही समजू नकोस, ती पुन्हा येईल, ह्याच चालीने येईल. आली की ओळख एवढंच. आणि जे मला सांगितलंस ते जिला सांगायला हवं तिला सांग. उत्तर नंतर दे, आधी हे सांग. मग त्यांनी पाचही पत्ते गोळा करून गठ्ठ्यात मिसळले, कापडात गुंडाळले, आणि त्याला पुन्हा चहा विचारला नाही.

नंदाचं भाड्याचं अपार्टमेंट तिथून जवळच होतं. दार उघडंच होतं. हॉलमध्ये खोकी, वर्तमानपत्रं, चिकटपट्टी. नंदा खाली बसून कपबश्या गुंडाळत होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हातातली बशी बाजूला ठेवली.

"मोरेश्वर, तू बोलायच्या आधी मी बोलते," ती म्हणाली. "मी सकाळीच एजंटला फोन केला. एकच नाव सांगितलं. रविवारपर्यंत थांबले असते तर तुझ्यासाठी थांबले असते. घर तर मला माझ्यासाठी हवंय."

आणि काय सांगू, मोरेश्वरला हायसं वाटलं. पहिल्या क्षणाला, छातीवरचा दगड उचलल्यासारखं, पाय हलके. सुटलो. तिनेच ठरवलं, आता काही म्हणायला नको, पाठपिशवी गाडीतच आहे. तो दाराकडे अर्धा वळलासुद्धा होता. मग त्याने ते हायसं वाटणं ओळखलं. ऑस्टिनहून निघताना हेच वाटलं होतं, मिनिआपोलिसहून विमान उडालं तेव्हाही हेच. प्रत्येक वेळी आठवडाभर पुरायचं आणि मग रात्र रात्र खायला उठायचं.

तो खोक्यांमध्ये जागा करून खाली बसला. म्हणाला, नंदा, तू एक नाव म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं. तुझ्यापासून लपवत नाही. आणि त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटतेय. मग त्याने तिला सगळं सांगितलं. बदल्या, पोती, बाबांचं घर, तुळशीपाशी पडणं. तिच्या अंगणात हात गार का पडले ते. पत्त्यांचं सांगितलं आणि त्रिमूर्तीनगरचंही सांगितलं. तेव्हा नंदा हसली नाही, तिने ओठ घट्ट मिटून घेतले. काही शब्द तिला कळले नाहीत ते तिने विचारून घेतले. वास्तुशांती तिला माहीत होती, उट्टं माहीत नव्हतं.

सगळं ऐकून झाल्यावर तिने मांडीवरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाली, हे चार वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी तुझा हात धरला असता. आज मी दमलेय. आय अॅम सॉरी, पण दमलेय.

"मी जाऊ?" मोरेश्वरने विचारलं.

नंदाचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते मला नको विचारूस. नेहमी तेच करतोस, माझ्याकडून वदवून घेतोस आणि निघतोस. जायचंय तर तू जा. राहायचंय तर तू राहा. मी सांगणार नाही."

मोरेश्वरचे हात पुन्हा गार पडले. घशात तेच आलं, त्याच चालीने.

"राहतो," तो म्हणाला. "शनिवारचा नाही. रोजचा. नाव तुझं एकटीचंच असू दे, मला त्यात नको घालूस. तू घराबाहेर काढलंस तर जाईन, पण आपणहून जाणार नाही."

"आणि माझा विश्वास बसला नाही तर?"

"नको ठेवूस. मी आहेच, बघत जा."

नंदाने बशी उचलली, कागदात गुंडाळायला घेतली, आणि कागद तिच्या हातून दोनदा सुटला. मोरेश्वरने बशी तिच्या हातातून घेतली नाही, त्याने कागद धरून ठेवला.

"मला काही झालं," ती खाली बघत म्हणाली, "त्या घरात, उद्या, परवा, तुझ्या बाबांसारखं, तर तू काय करशील?"

"रडेन," मोरेश्वर म्हणाला. "तिथेच बसून."